पोलिसांच्या ताब्यातला माल हरवला किंवा खराब झाला, तर शासनावर दावा कसा करायचा? ठाणे-नवी मुंबईकरांसाठी मार्गदर्शक

सरकारी माणसाच्या हलगर्जीपणामुळे आपलं नुकसान झालं की आजूबाजूचे सगळे एकच सांगतात, "सरकारवर केस होत नाही, सोडून दे." आमच्या घरी धाकट्या भावाच्या टेम्पोचं आणि मालाचं प्रकरण झालं, तेव्हा आम्हीही हे पुष्कळ ऐकलं. या सांगण्यात अर्धं तथ्य आहे आणि त्या अर्ध्या तथ्यामुळेच लोक मुदत घालवून बसतात. शासनावर नुकसानभरपाईचा दावा होतो. मात्र तो कशाबद्दल करायचा, कुणाला प्रतिवादी करायचं आणि कोणत्या तारखेच्या आत करायचा, या तीन गोष्टी चुकल्या तर तो पहिल्याच पायरीवर कोसळतो.

शासनाच्या जबाबदारीचा विषय फार मोठा आहे. इथे मी त्यातला एकच भाग घेतो आहे: पोलिसांनी जप्त केलेला माल किंवा वाहन त्यांच्या ताब्यात असताना हरवणं, चोरीला जाणं किंवा नासणं. कायद्यातला खरा वाद याच प्रकारच्या प्रकरणांवरून झाला आहे, आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावर मालवाहतूक करणाऱ्यांवर ही वेळ केव्हाही येऊ शकते.

आमचं प्रकरण थोडक्यात

आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून आणि तारखा ओळख लपवण्यासाठी बदलल्या आहेत. महापे एमआयडीसीतून पितळी नळांचे ४२ खोके घेऊन टेम्पो ठाण्याकडे निघाला होता. माल चोरीचा असल्याच्या संशयावरून पोलिसांनी टेम्पो आणि खोके दोन्ही जप्त केले. बिलं खरी असल्याचं पुढे तपासात निघालं आणि न्यायदंडाधिकाऱ्यांनी ५ जानेवारीला माल परत देण्याचा आदेश दिला. १२ जानेवारीला आम्ही ताबा घ्यायला गेलो तेव्हा खोके ३१ होते. टेम्पोची बॅटरी आणि स्टेपनी गायब होती, आणि दोन टायर फाटलेले होते.

१. आधी ठरवा: तक्रार जप्तीबद्दल आहे की सांभाळण्याबद्दल?

सगळा दावा या एका प्रश्नावर उभा राहतो, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३०० नुसार राज्य सरकारवर त्याच्या नावाने दावा करता येतो. पण कोणत्या चुकीसाठी राज्य जबाबदार धरायचं, हे त्या अनुच्छेदात नवीन ठरवलेलं नाही. ईस्ट इंडिया कंपनीवर ज्या बाबतीत दावा होऊ शकत होता त्या बाबतीत आजही होतो, अशी ती जुनी साखळी आहे. तिची पहिली कडी १८६१ ची. कलकत्त्याच्या खिदिरपूर गोदीत सरकारी कामगार लोखंडाचा अवजड भाग वाहून नेत होते, त्यांच्या निष्काळजीपणामुळे एका जहाज कंपनीच्या गाडीचा घोडा जखमी झाला. सरकार जबाबदार ठरलं, कारण गोदी चालवणं हे कोणीही खाजगी माणूस करू शकेल असं काम होतं. फक्त राजसत्तेलाच करता येतं असं काम असेल तर मात्र सरकार जबाबदार नाही, अशी विभागणी त्या निकालातून आली. या दुसऱ्या प्रकारच्या कामांना मिळणाऱ्या कवचाला 'सार्वभौम संरक्षण' म्हणतात.

स्वातंत्र्यानंतर सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल विरुद्ध दिशांना गेले. १९६२ मध्ये राजस्थान सरकार विरुद्ध विद्यावती या प्रकरणात, उदयपूरच्या जिल्हाधिकाऱ्यांची सरकारी जीप दुरुस्तीहून परत आणताना चालकाने एका पादचाऱ्याला उडवलं. राज्य जबाबदार ठरलं आणि वारसांना १५ हजार रुपये मिळाले. त्यानंतर आला कस्तुरीलाल रलियाराम जैन यांचा १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल. अमृतसरच्या सराफी पेढीच्या भागीदाराला मेरठमध्ये पोलिसांनी संशयावरून पकडलं आणि त्याच्याजवळचं शंभर तोळ्यांहून अधिक सोनं आणि चांदी ठाण्यात जमा केली. चांदी परत मिळाली. सोनं मात्र मुद्देमालखान्याचा प्रभारी हवालदार घेऊन पाकिस्तानात पळून गेला. पोलिसांचा निष्काळजीपणा न्यायालयाने मान्य केला, तरीही शासनाला जबाबदार धरलं नाही. अटक, झडती आणि जप्ती हे कायद्याने दिलेले सार्वभौम अधिकार आहेत, ते वापरताना झालेल्या चुकीला शासन जबाबदार नाही, असं ते तर्कशास्त्र होतं. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर आपल्या साताऱ्याचे. ही स्थिती समाधानकारक नाही आणि विधिमंडळांनी याबद्दल कायदा करावा, असं त्यांनी त्याच निकालात लिहून ठेवलं. तसा कायदा आजतागायत झालेला नाही.

"सरकारवर केस होत नाही" हे लोकांचं सांगणं मुळात या कस्तुरीलालमधून आलेलं आहे. तो पाच न्यायमूर्तींचा निकाल औपचारिकपणे कधी रद्द झाला नाही, त्यामुळे सरकारी वकील आजही तो पुढे करतात. पण नंतर जे निकाल आले त्यांनी त्याचा जोर काढून घेतला आहे. आपल्याला उपयोगी पडणारे तीन असे आहेत.

पहिला १९६७ चा, गुजरात सरकार विरुद्ध मेमन महंमद हाजी हसन. जुनागढच्या जकात खात्याने ट्रक जप्त केले, ते देखभालीविना पडून राहिले, आणि अपील प्रलंबित असतानाच बेवारस म्हणून विकले गेले. पुढे जप्तीच रद्द झाली. न्यायालय म्हणालं की जप्त मालाच्या बाबतीत शासन हे माल सांभाळायला घेतलेल्या माणसासारखं आहे. परत द्यावा लागू शकतो हे माहीत असताना वाजवी काळजी घेणं हे त्याचं कर्तव्यच आहे.

दुसरा १९७७ चा, बसवा कोम द्यामनगौडा पाटील यांचा. चोरांकडून परत मिळवलेले दागिने पोलिस ठाण्यातून नाहीसे झाले. काळजी घेऊनही माल गेला असं शासनाला दाखवता आलं नाही, तर मालकाला त्याची किंमत देण्याचा आदेश फौजदारी न्यायालयसुद्धा देऊ शकतं, असं इथे ठरलं.

तिसरा १९९४ चा, एन. नागेंद्र राव विरुद्ध आंध्र प्रदेश सरकार. जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली खतं आणि धान्य जप्त झालं, वेळेत विकलं गेलं नाही, आणि बहुतेक माल परत देण्याचा आदेश झाला तोवर तो खराब होऊन गेला होता. उच्च न्यायालयाने कस्तुरीलालकडे बोट दाखवून दावा फेटाळला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि शासनाला भरपाई द्यायला लावली.

यातून आपल्यासाठी निघणारी दिशा स्पष्ट आहे. दाव्यात मुख्य भर "जप्तीच बेकायदा होती" यावर देऊ नका. तसं केलंत की शासनाला त्याच्या सर्वात मजबूत जागेवर, म्हणजे सार्वभौम अधिकाराच्या मागे, उभं राहायला मिळतं. तुमचं म्हणणं असं हवं: जप्ती झाली ती झाली, पण माल ताब्यात घेतल्यापासून तो सांभाळण्याची जबाबदारी शासनाची होती आणि ती पाळली गेली नाही. आम्ही पहिल्यांदा ज्या मसुद्यावर विचार करत होतो त्यात चार पानं जप्तीच्या अन्यायावर होती. वकीलबाईंनी ती एका परिच्छेदात आणली आणि उरलेल्या जागेत खोक्यांचा हिशेब मांडला. त्यांचं बरोबर होतं.

२. ताबा घेताना काय लिहिता आणि कशावर सही करता, ते सांभाळा

सर्वात जास्त प्रकरणं इथे बिघडतात. वाहन किंवा माल परत देताना पोलिस ठाण्यात एक ताबा पावती पुढे केली जाते. तिच्यावर आधीच छापलेलं किंवा लिहिलेलं असतं की माल पूर्ण आणि सुस्थितीत मिळाला. एवढ्या दिवसांनी गाडी सुटते आहे म्हणून माणूस घाईने सही करतो. पुढे न्यायालयात हीच पावती तुमच्या विरुद्ध सर्वात मोठा पुरावा होते.

सही करण्याआधी माल मोजा. कमी-जास्त असेल ते पावतीवरच स्वतःच्या हाताने लिहा: "४२ पैकी ३१ खोके मिळाले. बॅटरी व स्टेपनी नाही. पुढील दोन टायर फाटलेले. हरकत राखून ताबा घेतला." तारीख आणि वेळ घाला आणि पावतीचा फोटो काढा. सोबत दोन ओळखीची माणसं न्या, त्यांची पुढे साक्ष होऊ शकते. वाहन असेल तर टो करण्याआधी जागेवरच व्हिडिओ घ्या, त्यात क्रमांकाची पाटी, किलोमीटरचा आकडा आणि आजूबाजूची जागा दिसू द्या.

अशी नोंद करू दिली नाही तर ताबा न घेता परत या आणि त्याच दिवशी, नाही तर दुसऱ्या दिवशी, न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा की ताबा पंचनाम्यासह देण्याचा आदेश व्हावा. गाडी आणखी चार दिवस अडकेल, पण कोरी सही देण्यापेक्षा हे परवडतं.

३. कागद गोळा करा

पुरावा दोन टोकांचा लागतो: जप्त झालं तेव्हा काय होतं आणि परत मिळालं तेव्हा काय होतं. मधलं कसं गेलं हे तुम्हाला सिद्ध करता येणार नाही आणि करावंही लागत नाही. काळजी घेतली होती हे दाखवण्याचा भार तिथे शासनावर येतो.

- जप्ती पंचनामा आणि जप्त मालाची यादी
- जप्तीचं चित्रीकरण
- मुद्देमाल नोंदवहीतला उतारा
- माल परत देण्याचा न्यायालयाचा आदेश
- हरकतीसह ताबा पावती, फोटो, व्हिडिओ
- मालाची खरेदी बिलं, ई-वे बिल, वाहनाचं आरसी आणि विमा
- दुरुस्तीची, टोइंगची आणि नवीन सुट्या भागांची बिलं

यातल्या चित्रीकरणाबद्दल पुष्कळांना माहीत नसतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्ती, जप्त वस्तूंची यादी करण्यासह, दृकश्राव्य साधनाने रेकॉर्ड करायची असते आणि ते रेकॉर्डिंग विनाविलंब न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं असतं. पंचनाम्यात खोक्यांची संख्या मोघम असली तरी चित्रीकरणात ती मोजता येते. त्याच संहितेच्या कलम ४९७ नुसार माल न्यायालयापुढे हजर झाल्यावर १४ दिवसांत त्याचं वर्णन तयार करायचं आणि फोटो घ्यायचे असतात. तेही मागा.

न्यायालयाच्या नोंदीत असलेल्या कागदांसाठी तिथल्या नक्कल विभागात अर्ज करा, प्रमाणित प्रत मिळते. मुद्देमाल नोंदवहीसाठी माहिती अधिकारात अर्ज केला तर "तपास सुरू आहे" असं उत्तर येण्याची शक्यता असते. तपास संपला असेल किंवा माल परत देण्याचा आदेश झाला असेल तर त्या आदेशाची प्रत जोडून पहिलं अपील करा. मात्र हे अपील चालू आहे म्हणून पुढच्या पायऱ्या थांबवू नका.

४. आधी त्याच न्यायदंडाधिकाऱ्यांकडे किंमत मागून पाहा

दिवाणी दावा ही लांबची वाट आहे. बसवा प्रकरणामुळे एक जवळची वाट उपलब्ध आहे: ज्या न्यायालयाने माल परत देण्याचा आदेश केला, तिथेच अर्ज करून सांगायचं की आदेशाप्रमाणे माल मिळालेला नाही, पोलिसांकडून खुलासा मागवावा आणि कमी पडलेल्या मालाची किंमत शासनाकडून देण्याचा आदेश व्हावा. याला वेगळी कोर्ट फी फारशी लागत नाही आणि पोलिसांना लेखी उत्तर द्यावं लागतं. ते उत्तर पुढे दाव्यात कामाला येतं. आमच्याकडे पोलिसांच्या खुलाशात "माल उघड्या आवारात ठेवला होता" असं एक वाक्य आलं. ते वाक्य पुढे आमच्या दाव्याचा कणा झालं.

या वाटेची मर्यादा अशी की इथे फार तर वस्तूची किंमत मिळते. टेम्पो बंद राहिल्याने बुडालेलं भाडं, व्याज, टोइंग असल्या गोष्टी दिवाणी न्यायालयातच मागाव्या लागतात. आणि हा अर्ज चालू असताना दाव्याची मुदत थांबत नाही. खोके चोरीला गेले असा संशय असेल तर चोरीची फिर्यादही द्या, पण तिच्या निकालाची वाट पाहत बसू नका.

५. प्रतिवादी कोण? पोलिस ठाणे नव्हे

पोलिस ठाणं, आयुक्तालय किंवा गृह विभाग यांना कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्तिमत्त्व नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ७९ प्रमाणे प्रतिवादी हवं "महाराष्ट्र राज्य", आणि ते साधारणपणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत लिहितात.

आपल्या भागात इथे एक खास गफलत होते. नवी मुंबई पोलिस आयुक्तालयाची हद्द दोन जिल्ह्यांत आहे. घटना रबाळे, तुर्भे, वाशी, नेरूळ किंवा बेलापूरची असेल तर जिल्हा ठाणे, आणि जिल्हाधिकारी कार्यालय ठाण्यात कोर्ट नाक्याला. घटना खारघर, कामोठे, कळंबोली किंवा पनवेलची असेल तर आयुक्तालय तेच, पण जिल्हा रायगड, आणि जिल्हाधिकारी अलिबागला. मीरा-भाईंदर आणि वसई-विरार यांचं आयुक्तालयही एकच असलं तरी मीरा-भाईंदर ठाणे जिल्ह्यात आणि वसई-विरार पालघरमध्ये आहे. आयुक्तालयाचं नाव बघून जिल्हा ठरवू नका.

एखाद्या अधिकाऱ्याने स्वतः माल लांबवला असा पुरावा असेल तरच त्याला वैयक्तिक प्रतिवादी करा. सरकारी कामातल्या कृत्याबद्दल अधिकाऱ्यावर दावा केला तर शासनालाही पक्षकार करावंच लागतं, उलट बाजूने अशी सक्ती नाही. पैसे द्यायचे आहेत शासनाने. पाच हवालदारांची नावं घातली की पाच वकीलपत्रं, पाच कैफियती आणि तेवढ्या तारखा वाढतात.

नुकसान महापालिकेच्या माणसांनी केलं असेल (फेरीवाल्याचा माल उचलताना, बांधकाम पाडताना) तर प्रतिवादी महापालिका. तिथे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम ४८७ लागतं: एक महिन्याची नोटीस आणि सहा महिन्यांत दावा. पुढची पायरी त्यांना जशीच्या तशी लागू नाही.

६. कलम ८० ची नोटीस द्या

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे शासनावर दावा दाखल करण्याआधी दोन महिन्यांची लेखी नोटीस सक्तीची आहे. ती राज्य शासनाच्या सचिवांना किंवा जिल्हाधिकाऱ्यांना द्यायची. आम्ही दोघांनाही दिली, एक मंत्रालयात गृह विभागाच्या सचिवांकडे आणि एक कोर्ट नाक्याला. पोलिस निरीक्षकाच्या टेबलावर ठेवलेली नोटीस ही शासनाला दिलेली नोटीस होत नाही. अधिकाऱ्यालाही प्रतिवादी करणार असाल तर त्याला वेगळी द्या.

नोटिशीत चार गोष्टी असल्याच पाहिजेत: दाव्याचं कारण, तुमचं नाव आणि वर्णन, राहण्याचा पत्ता, आणि काय मागणार आहात ते. दोन पानं पुरतात. आमच्या नोटिशीतला हिशेब असा होता: ११ खोके, प्रत्येकात २४ नळ, बिलाप्रमाणे ६५० रुपये नग, म्हणजे १,७१,६०० रुपये. बॅटरी ६,५००, स्टेपनी ७,५००, दोन टायर १४,०००, टोइंग ३,५००. एकूण २,०३,१०० रुपये, त्यावर व्याज, आणि परत देण्याच्या आदेशानंतर टेम्पो बंद राहिल्याने बुडालेलं भाडं वेगळं. ते भाडं जप्तीच्या दिवसापासून मागितलं असतं तर पुन्हा जप्तीच्या वैधतेचा वाद आला असता, म्हणून आदेशाच्या तारखेपासूनच मागितलं. आकडा फुगवू नका. नोटिशीतली मागणी आणि दाव्यातली मागणी जुळायला हवी.

नोटीस हाती देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या, शिवाय स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. दोन महिने हे नोटीस पोचल्याच्या तारखेपासून मोजायचे. ते पुरे होण्याआधी दाखल केलेला दावा टिकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये बिहारी चौधरी प्रकरणात स्पष्ट केलं आहे. नोटिशीच्या मजकुरात किंवा पोचवण्याच्या पद्धतीत किरकोळ तांत्रिक उणीव राहिली तर कलम ८० (३) मुळे दावा फेटाळला जात नाही, पण घाईला तशी माफी नाही. खरोखर तातडीची मनाई हवी असेल, उदाहरणार्थ जप्त माल उद्या लिलावात जाणार असेल, तर न्यायालयाची परवानगी घेऊन नोटिशीशिवाय दावा दाखल करता येतो. नुसत्या पैशांच्या मागणीला ती परवानगी मिळत नाही.

७. मुदत: तीन वर्षं समजून निवांत राहू नका

वस्तू अडकवून ठेवली किंवा तिची हानी केली याबद्दलच्या दाव्याला मुदत कायद्यात तीन वर्षं दिलेली आहेत. पुष्कळ जण तेवढं वाचून थांबतात. पण कायद्याच्या अंमलबजावणीत केलेल्या कृतीबद्दलच्या भरपाईला, आणि कायदेशीर आदेशाखाली झालेल्या चुकीच्या जप्तीला, एकच वर्ष आहे. शिवाय महाराष्ट्र पोलिस अधिनियमाच्या कलम १६१ मध्ये, कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दलचा दावा सहा महिन्यांत आणि किमान एक महिन्याची नोटीस देऊन करायचा, असं म्हटलं आहे. माल न सांभाळणं हे "कर्तव्याच्या नावाखाली केलेलं कृत्य" नाही असा युक्तिवाद तुमचे वकील करतील आणि तो चांगला युक्तिवाद आहे. पण मुदतीच्या मुद्द्यावर आधी दोन वर्षं भांडण्यापेक्षा सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करणं केव्हाही शहाणपणाचं.

सहा महिने कधीपासून? खोके नेमके कुठल्या रात्री गेले हे कुणालाच माहीत नसतं. म्हणून कागदावर पकडता येणारी सर्वात आधीची तारीख धरा. आमच्यात ती परत देण्याच्या आदेशाची, ५ जानेवारी. सहा महिने संपतात ५ जुलैला. नोटीस २० फेब्रुवारीला पोचली, म्हणजे दोन महिने २० एप्रिलला पुरे झाले, आणि दावा एप्रिलच्या अखेरीस दाखल झाला. तीच नोटीस २० मेला दिली असती तर दोन महिने २० जुलैला संपले असते, सहा महिन्यांच्या पलीकडे. नोटिशीचा काळ मुदतीतून वगळण्याची तरतूद मुदत कायद्याच्या कलम १५ मध्ये आहे, पण ती शेवटचा आधार म्हणून ठेवा.

८. दावा योग्य न्यायालयात

रक्कम पाच लाखांच्या आत आहे म्हणून लोक कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात जातात. शासन पक्षकार असलेला दावा रक्कम कितीही लहान असली तरी दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर, यांच्याकडेच दाखल करावा लागतो. दिवाणी न्यायालय अधिनियमाच्या कलम ३२ मध्ये ते आहे. चुकीच्या ठिकाणी दाखल केलात तर दावा परत मिळतो आणि मुदतीचे दिवस जातात. हद्द घटनास्थळावरून ठरते.

दाव्यात कलम ८० ची नोटीस कधी आणि कुणाला पोचली हे स्पष्ट लिहा आणि शिक्क्याची प्रत जोडा. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. त्याचा अर्ज नोटिशीच्या टप्प्यावरच करा.

शासनाची कैफियत आली की तिच्यात बहुधा तीन बचाव असतात: नोटीस बरोबर नाही, दावा मुदतबाह्य आहे, आणि कृत्य सार्वभौम स्वरूपाचं आहे. पहिल्या दोघांना तुमचे कागद उत्तर देतात. तिसऱ्याला पायरी १ मधले तीन निकाल. उलटतपासात विचारायचे प्रश्न साधे आहेत: माल कुठे ठेवला होता, कुलूप होतं का, चावी कुणाकडे होती, नोंदवही शेवटची कधी तपासली? वाहनाच्या बाबतीत आणखी एक विचारा. जप्त वाहनं ठाण्याच्या आवारात महिनोन्महिने सडू देऊ नका, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सांगितलं आहे. मग या वाहनाबद्दल न्यायालयाला अहवाल कधी दिला?

९. उच्च न्यायालयात केव्हा जायचं

कोठडीत मृत्यू, मारहाण, सुटकेचा आदेश होऊनही तुरुंगात ठेवणं, अशा जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्कावरच्या घाल्यात सार्वभौम संरक्षण चालत नाही. १९८३ चा रुदल साह आणि १९९३ चा निलाबती बेहेरा हे निकाल त्याचा पाया आहेत. दुसऱ्यात कोठडीतल्या मृत्यूबद्दल आईला दीड लाख रुपये देण्याचा आदेश झाला. तिथे मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते आणि कलम ८० ची नोटीस लागत नाही. हरवलेल्या मालासाठी मात्र ही वाट सहसा मिळत नाही. किती खोके होते, किती किमतीचे होते, असा तथ्यांचा वाद असला की उच्च न्यायालय दिवाणी दाव्याकडे पाठवतं.

१०. हुकूमनामा झाल्यावर

निकाल तुमच्या बाजूने लागला तरी लगेच दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, लावता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८२ प्रमाणे हुकूमनाम्याच्या तारखेपासून तीन महिने रक्कम मिळाली नाही तरच अंमलबजावणीचा आदेश निघतो. ते तीन महिने रिकामे घालवू नका. हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत काढून जिल्हाधिकारी कार्यालय आणि गृह विभागाला बँक तपशिलासह पाठवा, आवक शिक्का घ्या, कारण रक्कम मंजूर होण्यासाठी फाइल तिथूनच हलते. शासनाने अपील केलं तर स्थगिती मिळाली आहे का ते पाहा. स्थगिती नसेल तर नुसत्या अपिलामुळे अंमलबजावणी थांबत नाही, तीन महिने पुरे होताच दरखास्त दाखल करा.